भाव येऊन गेला, ऑर्डर मात्र पेंडिंगच

नव्याने शेअर किंवा फ्युचर्सचे सौदे करू लागलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक वेळा अशी असते: "मी १०० ला खरेदीची ऑर्डर टाकली होती. स्क्रीनवर १०० चा भाव दिसला, त्या भावाला सौदेही झाले, मग माझी ऑर्डर का लागली नाही?" संशय आधी ब्रोकरवर जातो, मग एक्स्चेंजवर. मीही सुरुवातीला ब्रोकरच्या माणसाशी यावरून फोनवर भांडलो होतो. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "तुमच्या पुढे रांग होती." रांग मला स्क्रीनवर दिसत होती, पण ती वाचायची कशी हे ठाऊक नव्हतं. या लेखात तेच शिकायचं आहे. किमती नुसत्या आकड्यांत दिल्या आहेत, चलन कोणतंही धरा.

पहिली पायरी: बुक वाचा

ऑर्डर बुक म्हणजे अजून न लागलेल्या लिमिट ऑर्डरींची, म्हणजे किमतीची मर्यादा घालून टाकलेल्या ऑर्डरींची यादी. एका बाजूला खरेदी करू पाहणारे, म्हणजे बिड. दुसऱ्या बाजूला विकू पाहणारे, म्हणजे आस्क. प्रत्येक ऑर्डरला किंमत असते, नग असतात आणि एक्स्चेंजकडे ती दाखल झाल्याची वेळ असते. खालचं बुक समोर ठेवा. पुढचा सगळा हिशोब याच्यावरच होणार आहे.

विक्रीची बाजू:

| ऑर्डर | किंमत | नग | दाखल वेळ |
|---|---|---|---|
| वि-१ | १००.१० | २०० | १०:०१:०७ |
| वि-२ | १००.१० | ५०० | १०:०१:३२ |
| वि-३ | १००.१५ | ४०० | १०:००:१५ |
| वि-४ | १००.२५ | १,००० | ०९:५८:४० |

खरेदीची बाजू:

| ऑर्डर | किंमत | नग | दाखल वेळ |
|---|---|---|---|
| ख-१ | १००.०० | ३०० | १०:००:५० |
| ख-२ | १००.०० | ६०० | १०:०१:११ |
| ख-३ | ९९.९५ | ८०० | ०९:५९:२० |

आधी वि-४ कडे पाहा. विकणाऱ्यांत तो सगळ्यात आधी आला आणि तरीही सगळ्यात मागे उभा आहे. कारण नियमात किंमत पहिली येते. विकणाऱ्यांत जो सगळ्यात स्वस्त द्यायला तयार तो पुढे, आणि घेणाऱ्यांत जो सगळ्यात जास्त मोजायला तयार तो पुढे. वेळेचा प्रश्न फक्त समान किमतीच्या ऑर्डरींमध्ये येतो. वि-१ आणि वि-२ दोघंही १००.१० ला आहेत, म्हणून तिथे पंचवीस सेकंद आधी आलेला वि-१ पुढे. खरेदीकडे ख-३ सगळ्यांच्या आधी आला, पण पाच पैशांइतकी कंजुषी केल्यामुळे तो तिसरा.

म्हणजे एकच लांब रांग नसते. प्रत्येक किमतीची स्वतंत्र रांग असते आणि आधीची रांग पूर्ण संपल्याशिवाय पुढच्या किमतीच्या रांगेला हात लागत नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तुमच्या स्क्रीनवर बहुधा एकेक ऑर्डर दिसणार नाही. '१००.१० ला ७०० नग, २ ऑर्डर' अशी त्या किमतीची एकत्रित बेरीज दिसेल, तीही वरच्या पाच किंवा दहा किमतींपुरती. आतली रांग एक्स्चेंजच्या यंत्रणेत असते.

दुसरी पायरी: न जुळणारी ऑर्डर

१०:०२:०० ला नवी ऑर्डर येते: ख-४, खरेदी, ३०० नग, १००.०५ ला. यंत्रणा एकच प्रश्न विचारते: समोर १००.०५ किंवा त्याहून कमी किमतीत कोणी विकतंय का? सगळ्यात स्वस्त विक्रेता १००.१० ला आहे. म्हणजे नाही. सौदा होत नाही आणि ख-४ बुकात जाऊन बसते.

पण ती बसते कुठे? थेट सगळ्यात वर. ख-१ आणि ख-२ तिच्या आधीपासून उभे आहेत, तरी तिने पाच पैसे जास्त देऊ केले म्हणून दोघांच्याही पुढे गेली. नवख्याला हे अन्यायाचं वाटतं. पण रांग मोडून पुढे जाण्याचा हा एकमेव मार्ग आहे, तो सर्वांना खुला आहे आणि त्याची किंमत मोजावी लागते.

किती मोजावी लागते, हे टिकवर ठरतं. टिक म्हणजे दोन लगतच्या किमतींमधलं किमान अंतर, आपल्या उदाहरणात ०.०५. टिक मोठी असेल तर पुढे जाणं महाग पडतं, लोक एकाच किमतीला गर्दी करतात आणि रांगेतली जागा मौल्यवान होते. टिक अगदी बारीक असेल तर कोणीही किरकोळ रक्कम वाढवून पुढे घुसतं आणि आधी येण्याला फारसा अर्थ उरत नाही. अमेरिकेत २००१ मध्ये शेअरच्या किमती डॉलरच्या सोळाव्या भागाऐवजी सेंटमध्ये मांडल्या जाऊ लागल्या, म्हणजे टिक सव्वासहा सेंटांवरून एका सेंटवर आली. घासाघीस बारीक झाली, पण प्रत्येक किमतीला उभी असलेली रांगही विरळ झाली.

तिसरी पायरी: जुळणारी ऑर्डर, आणि सौदा कोणाच्या किमतीला

१०:०२:२० ला ख-५ येते: खरेदी, ९०० नग, लिमिट १००.१५. समोर १००.१५ किंवा त्याखाली विकणारे आहेत, म्हणून जुळणी सुरू होते.

सगळ्यात स्वस्त रांग १००.१० ची. तिच्यातला पहिला वि-१, त्याचे २०० नग १००.१० ला गेले. मग वि-२, त्याचे ५०० नग १००.१० ला गेले. ती रांग संपली. ख-५ ला अजून २०० हवेत. पुढची रांग १००.१५ ची, तिथे वि-३ चे ४०० आहेत, त्यातले २०० घेतले. ख-५ पूर्ण झाली.

एका ऑर्डरीचे तीन सौदे झाले. सरासरी काढा: ७०० नग १००.१० ने ७०,०७० झाले, २०० नग १००.१५ ने २०,०३० झाले. एकूण ९०,१०० भागिले ९००, म्हणजे साधारण १००.११. कॉन्ट्रॅक्ट नोटवर असा विचित्र, टिकमध्ये न बसणारा आकडा दिसला की गोंधळू नका, ती सरासरी असते.

मुद्द्याची गोष्ट अशी की ख-५ ने १००.१५ ची तयारी दाखवली होती, तरी पहिले ७०० नग तिला १००.१० लाच मिळाले. सौदा नेहमी आधीपासून बुकात उभ्या असलेल्या ऑर्डरीच्या किमतीला होतो, नंतर येणाऱ्याच्या नाही. लिमिट म्हणजे 'याच किमतीला द्या' असं नसून 'याहून जास्त देणार नाही' असं आहे. त्यामुळे समोर १००.१५ ला विक्रेता असताना कोणी चुकून १००.५० ची खरेदी टाकली, तरी उपलब्ध नगांपुरता भाव १००.१५ च लागेल. मात्र नग जास्त असतील, तर ती ऑर्डर १००.५० पर्यंतच्या सगळ्या रांगा उपसत जाईल. टायपिंगची चूक महागात पडते ती अशी.

वि-३ चे काय झाले? त्याचे २०० नग उरले आणि १००.१५ च्या रांगेतली जागा तशीच राहिली. अर्धवट लागलेल्या ऑर्डरीची वेळ बदलत नाही.

आता समजा ख-५ ची लिमिट १००.१५ नसून १००.१० असती. मग ७०० लागले असते आणि उरलेले २०० बुकात १००.१० ची खरेदी म्हणून जाऊन बसले असते. क्षणापूर्वी जी विकणाऱ्यांची किंमत होती, तीच आता घेणाऱ्यांची सगळ्यात वरची किंमत. उरलेलं बुकात ठेवायचं नसेल तर ऑर्डर टाकताना 'आयओसी' हा पर्याय असतो: जे लगेच लागेल ते लागू दे, बाकीचं रद्द.

चौथी पायरी: मार्केट ऑर्डर खाली उतरते

१०:०३:०५ ला कोणीतरी १,००० नग मार्केट ऑर्डरने विकतो. त्याने किंमत सांगितलेलीच नाही, फक्त 'विका' म्हटलं आहे. यंत्रणा खरेदीच्या बाजूला वरून खाली उतरू लागते.

ख-४ चे ३०० नग १००.०५ ला. मग १००.०० ची रांग: ख-१ चे ३०० आणि उरलेल्या गरजेपुरते ख-२ चे ४००. हजार झाले. ख-२ चे २०० अजून उभे आहेत, आणि ख-३ ला काहीच मिळालं नाही.

आता ख-२ च्या जागी स्वतःला ठेवून पाहा. स्क्रीनवर शेवटचा भाव १००.००, ऑर्डरही १००.०० ला, आणि ६०० पैकी ४०० च लागले. जर तुम्ही ख-२ च्याही मागे त्याच किमतीला उभे असता, तर काहीच लागलं नसतं आणि सुरुवातीची ती तक्रार तुमच्या तोंडी आली असती. भाव 'शिवून' गेला म्हणजे त्या किमतीला किमान एक सौदा झाला, एवढंच. तुमची ऑर्डर नक्की लागली असेल, असं कधी म्हणता येतं? त्याच बुकात भाव तुमच्या किमतीच्या पलीकडे गेला, तेव्हा. १००.०० ची रांग पूर्ण रिकामी झाल्याशिवाय ९९.९५ ला सौदा होऊच शकत नाही. म्हणून ९९.९५ चा सौदा दिसला आणि तुमची १००.०० ची खरेदी तरीही पेंडिंग असेल, तर मात्र चौकशी करायला जागा आहे. आधी तीन गोष्टी तपासा: ऑर्डर खरोखर एक्स्चेंजपर्यंत पोहोचली होती का, ती केव्हा पोहोचली, आणि तुम्ही पाहत असलेला भाव त्याच एक्स्चेंजचा आहे का. एकच शेअर दोन एक्स्चेंजवर असेल तर बुकं दोन असतात आणि एकातली रांग दुसऱ्याला ठाऊक नसते. माझी स्वतःची एक 'तक्रार' याच तिसऱ्या प्रश्नावर गळून पडली होती.

मार्केट ऑर्डरीचा धोकाही इथेच दिसतो. आपल्या विक्रेत्याचं नुकसान फार झालं नाही, कारण रांगा जवळजवळ होत्या. बुक पातळ असेल तर ऑर्डर थांबत नाही, पुढची किंमत कितीही दूर असो. ६ मे २०१० ला अमेरिकेच्या बाजारात दुपारी काही मिनिटं हेच झालं. खऱ्या खरेदीदारांनी ऑर्डर मागे घेतल्यावर काही शेअरच्या बुकात फक्त एक सेंटच्या नावापुरत्या बिड उरल्या होत्या. बाजारात कायम भाव दाखवण्याचं बंधन पाळण्यापुरत्या त्या ठेवलेल्या असत. विक्रीच्या मार्केट ऑर्डरी उतरत उतरत तिथपर्यंत गेल्या आणि चांगल्या कंपन्यांचे शेअर एका सेंटला विकले गेले. आधीच्या भावापासून ६० टक्क्यांहून जास्त दूर झालेले २० हजारांहून अधिक सौदे नंतर रद्द करावे लागले. यंत्रणेने त्या दिवशी नियम मोडला नव्हता. किंमत आधी, वेळ नंतर, हाच नियम तिने रिकाम्या बुकावर चालवला.

पाचवी पायरी: रांगेतली आपली जागा मोजा

हे फारसं कोणी शिकवत नाही, आणि मला सगळ्यात उपयोगी पडलेलं हेच आहे.

ऑर्डर टाकण्याच्या क्षणी त्या किमतीला किती नग उभे आहेत ते लिहून ठेवा. समजा ४,२०० होते आणि तुम्ही १०० नग टाकले. म्हणजे पुढे सुमारे ४,२००. नंतर त्या किमतीला १,५०० नगांचे सौदे झाले. सौदे पुढूनच कापले जातात, म्हणून आता पुढे जास्तीत जास्त २,७०० उरले.

एवढ्यावर थांबू नका. स्क्रीनवर त्या किमतीला आता एकूण किती दिसतात ते पाहा. समजा १,०००. त्यात तुमचे १०० आहेत. म्हणजे पुढे काही झालं तरी ९०० हून जास्त असूच शकत नाहीत. बाकीच्यांनी ऑर्डर रद्द केल्या. दोन आकड्यांपैकी लहान तो घ्यायचा. खरा आकडा याहूनही कमी असू शकतो, कारण त्या ९०० पैकी काही तुमच्या मागे आलेले असू शकतात. ते किती, हे एकत्रित बेरजेवरून कळत नाही. मागच्याने ऑर्डर रद्द केली तर एकूण घटतं, पण तुम्ही एक पाऊलही पुढे सरकत नाही.

'वेळ' कोणती धरायची, याचीही गल्लत होते. तुम्ही बटण दाबल्याची नाही. ब्रोकरच्या यंत्रणेने शिल्लक आणि मर्यादा तपासल्या, ऑर्डर तारेवरून गेली आणि एक्स्चेंजने स्वीकारून तिला क्रम दिला, ती वेळ. स्क्रीनवर दोन ऑर्डरींना एकच सेकंद दिसला तरी आत त्या बरोबरीत नसतात. एकीचा क्रम दुसरीच्या आधीचा असतोच.

सहावी पायरी: मिळालेली जागा घालवू नका

ऑर्डर बदलली की काय होतं, हे बहुतेक एक्स्चेंजवर असं आहे: नग कमी केले तर जागा टिकते. नग वाढवले तर ऑर्डर रांगेच्या शेवटी जाते. किंमत बदलली तर नव्या किमतीच्या रांगेत शेवटी.

किंमत एक टिक वर नेली, मन बदललं आणि दहा सेकंदांत पुन्हा खाली आणली, तर जुनी जागा परत मिळत नाही. मी एकदा तासभर सांभाळलेली जागा अशीच घालवली. पन्नास नग जास्त हवे होते, म्हणून आहे त्याच ऑर्डरीत १०० चे १५० केले. त्यानंतर भाव माझ्या किमतीला आला, थोडे सौदे झाले आणि वर निघून गेला. जुने १०० तरी लागले असते. अशा वेळी पहिल्या ऑर्डरीला हात न लावता ५० ची वेगळी ऑर्डर टाकायची. पहिली आपल्या जागी राहते, नवी मागे उभी राहते.

स्टॉप ऑर्डर, म्हणजे भाव ठरावीक किमतीला पोहोचला तरच जागी होणारी ऑर्डर, हिच्याबद्दलही असाच गैरसमज असतो. सकाळी नऊला लावलेला स्टॉप दिवसभर रांगेत उभा नसतो. तो बुकाबाहेर थांबतो आणि ट्रिगरची किंमत आली की तेव्हा बुकात शिरतो, त्या क्षणाची वेळ घेऊन. म्हणून भाव वेगाने घसरताना स्टॉप-लिमिट, म्हणजे ट्रिगर झाल्यावर लिमिट ऑर्डर म्हणून बुकात शिरणारा स्टॉप, अनेकदा हुकतो: तो रांगेत येईपर्यंत ती किंमतच मागे पडलेली असते.

आणि नगांचा थोडाच भाग दाखवणाऱ्या ऑर्डरी. कोणी ५,००० पैकी ५०० च दाखवतो, ते लागले की पुढचे ५०० उघडतात. सहसा प्रत्येक नव्या तुकड्याला नवी वेळ मिळते आणि तो रांगेच्या शेवटी जातो. लपवण्याची किंमत अशी वेळेत चुकवावी लागते. एखाद्या किमतीला सौदे होत राहतात, तरी तिथला आकडा पुन्हा पुन्हा तेवढाच भरून येतो, असं दिसलं तर बहुधा अशी ऑर्डर तिथे आहे. तुमची जागा त्याने हलत नाही, पण ती रांग दिसते त्याहून जाड आहे.

हा नियम कुठे लागू नाही

सगळीकडे वेळेला मान असतोच असं नाही. शिकागोच्या काही व्याजदर फ्युचर्समध्ये समान किमतीच्या ऑर्डरींना नगांच्या प्रमाणात वाटा मिळण्याची पद्धत चालत आली आहे. समजा एका किमतीला १०० आणि ९०० नगांच्या दोन ऑर्डरी आहेत आणि समोरून २०० आले. आधी आलेली ऑर्डर १०० ची असेल, तर वेळेच्या नियमाने दोघींना शंभर-शंभर. प्रमाणाच्या नियमाने २० आणि १८०. तिथे पाचव्या पायरीतला हिशोब कुचकामी ठरतो. कोणत्याही नव्या प्रकारच्या कराराला हात घालण्याआधी त्याची वाटपाची पद्धत नियमावलीत पाहून घ्या. ती तिथे लिहिलेली असते.

बाजार उघडतानाचा लिलावही वेगळा. तेव्हा ऑर्डरी आल्या आल्या जुळवत नाहीत. सगळ्या गोळा करून जास्तीत जास्त नगांची देवाणघेवाण होईल अशी एकच किंमत काढतात आणि सर्व सौदे तिलाच होतात. त्या किमतीहून जास्त देऊ करणारे खरेदीदार आधी पूर्ण होतात. नेमक्या त्याच किमतीला उभे असलेल्यांना नग पुरले नाहीत, तर तिथे पुन्हा आधी कोण आलं ते पाहिलं जातं.